‘पाणीपुरवठा सुरू…’ आणि पुढचं कापलं गेलेलं ‘राहणार नाही’

प्रश्न: मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे, ९६ फ्लॅट. सगळ्या सूचना मराठीतून ईमेलने पाठवतो. मागच्या आठवड्यात विषय लिहिला होता, ‘टाकी सफाईमुळे गुरुवारी पाणीपुरवठा सुरू राहणार नाही’. निम्म्या लोकांनी पाणी भरून ठेवलं नाही, वर म्हणाले तुम्हीच लिहिलं होतं सुरू राहणार. माझ्या कॉम्प्युटरवर तर पूर्ण वाक्य दिसतं. फोनवर विषय कापला का जातो? किती अक्षरांत लिहावा? पार्किंग शुल्क आणि वार्षिक सभेचे मेलही लवकरच पाठवायचे आहेत, तेव्हा तेही सांगा.

उत्तर:

तुमच्या सभासदांची चूक नाही, आणि खरं तर तुमचीही फारशी नाही. त्यांच्या फोनवर बहुतेक एवढंच दिसलं असणार: ‘टाकी सफाईमुळे गुरुवारी पाणीपुरवठा सुरू…’. कुणाच्या फोनवर ‘राहणार’पर्यंत गेलं असेल. ‘नाही’ मात्र शेवटी होतं, म्हणून सगळ्यात आधी तेच गेलं. मी गेली पंधराएक वर्षं बँका, पतसंस्था आणि सोसायट्यांसाठी अशीच पत्रं आणि मेल लिहून देतो. मराठीतल्या विषयाच्या ओळीचं खरं दुखणं लांबीपेक्षा हे आहे: आपलं क्रियापद आणि आपला नकार वाक्याच्या शेपटाला असतो आणि फोन शेपूटच कापतो.

आधी कापतो कोण ते पाहू. तुम्ही पाठवलेला विषय पूर्णच पोचतो. मेल उघडला की वर तो दोन-तीन ओळींत अख्खा दिसतो. कापाकापी होते ती फक्त यादीत आणि नोटिफिकेशनमध्ये. यादीत प्रत्येक मेलला ठरावीक जागा मिळते. जीमेलच्या फोनवरच्या ॲपमध्ये वर पाठवणाऱ्याचं नाव, त्याखाली एका ओळीत विषय आणि त्याखाली मजकुराची सुरुवात असते. विषयाला एकच ओळ. ती भरली की ॲप तीन टिंबं टाकून मोकळं होतं. इथे अक्षरं मोजली जात नाहीत, ओळीची रुंदी मोजली जाते. म्हणून तोच विषय एकाच्या फोनवर पुरतो आणि दुसऱ्याच्या फोनवर कापला जातो. तुमच्या कॉम्प्युटरचा पडदा फोनच्या चार-पाच पट रुंद आहे, तिथे हा प्रश्न येतच नाही. त्यामुळे लिहिणाऱ्याला तो कधी कळतही नाही.

रुंदी ठरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे अक्षरांचा आकार. तुमच्या ९६ फ्लॅटमध्ये साठीच्या पुढचे किती जण आहेत? त्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनवर मुलांनी किंवा नातवंडांनी अक्षरं मोठी करून दिलेली असतात. अक्षरं मोठी झाली तरी पडदा तेवढाच राहतो, त्यामुळे तुमच्या फोनवर सहा शब्द मावले तर त्यांच्या फोनवर चारच मावतील. आणि पाणी भरून ठेवायचं काम घरात बहुधा तेच करतात.

आता ‘किती अक्षरं’ हा प्रश्न. इंग्रजीतल्या सल्ल्यांमध्ये तीस-चाळीस अक्षरांचा आकडा सापडेल, पण तो आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. तुमचाच विषय मोजून पाहा. डोळ्याला त्यात पंचवीस अक्षरं दिसतात, म्हणजे ‘टा’ एक, ‘की’ एक असं मोजलं तर, आणि मधल्या सहा मोकळ्या जागा. कॉम्प्युटरला मात्र तो ५० चिन्हांचा वाटतो, कारण तो ‘ट’ वेगळा आणि काना वेगळा मोजतो. ‘स्था’सारखं जोडाक्षर त्याच्या हिशेबी स, हलन्त, थ आणि काना अशी चार चिन्हं. त्यातून उकार, अनुस्वार, मात्रा ही अक्षराच्या वर-खाली बसतात आणि रुंदी जवळजवळ घेत नाहीत, तर काना आणि दीर्घ वेलांटी स्वतःची जागा घेतात. थोडक्यात, कुठल्याही मोजणी-यंत्राचा आकडा फोनवरच्या रुंदीशी नीट जुळत नाही. मी म्हणून मराठीत शब्द मोजतो. पहिले दोन-तीन शब्द सगळीकडे दिसतात असं धरतो, चौथा-पाचवा बहुतेकांना दिसतो असं धरतो, आणि त्यापुढचं जे काही आहे ते दिसलं तर नशीब. ‘पाणीपुरवठा’सारखा सहा अक्षरांचा शब्द आला तर तो दोन शब्दांचा हिशेब खातो.

नोटिफिकेशनमध्ये जागा आणखी आखडते. एकटाच मेल आला असेल तर नाव आणि विषय नीट दिसतात. तीन-चार मेल एकदम आले की अँड्रॉइड त्यांची जुडी बांधतो आणि प्रत्येकाचं नाव व विषय एकाच ओळीत कोंबतो. तिथे पाठवणाऱ्याचं नाव जितकं लांब तितका विषय कमी. ‘अमुकतमुक सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ असं पूर्ण नोंदणीकृत नाव तुम्ही पाठवणाऱ्याच्या जागी ठेवलं असेल, तर जुडीत विषयाचा एखादा शब्द दिसला तरी पुष्कळ.

तर मग तुमच्या वाक्याकडे येऊ. मराठी वाक्यात आपण आधी कारण सांगतो, मग वेळ, मग वस्तू, आणि सगळ्यात शेवटी काय झालं किंवा काय होणार नाही ते. समोरासमोर बोलताना हे उत्तम, कारण ऐकणारा शेवटपर्यंत थांबतो. फोनच्या यादीत तो थांबत नाही, आणि थांबायचं म्हटलं तरी पुढे काही नसतं. त्यामुळे आपल्या विषयांचे कापलेले तुकडे दोन प्रकारचे होतात. काही नुसते पोकळ असतात: ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की…’. यात नुकसान एवढंच की कुणी मेल उघडत नाही. दुसरे तुकडे खोटे असतात. ते पूर्ण वाटतात आणि उलटा अर्थ देतात. वाचणाऱ्याला काही राहिलंय अशी शंकाही येत नाही, कारण ‘पाणीपुरवठा सुरू’ हे त्याच्या दृष्टीने पूर्ण वाक्य आहे. म्हणून हे दुसरे जास्त महागात पडतात.

मला हा धडा एका पतसंस्थेच्या मेलने शिकवला. संचालक मंडळाने ठेवींवरचा व्याजदर कमी करायचं ठरवलं होतं, बातमी बाहेर फुटली, ठेवीदार अस्वस्थ झाले, आणि मंडळाने निर्णय थांबवला. ठेवीदारांना धीर द्यायला मी मेल लिहिला. विषय: ‘ठेवींवरील व्याजदर कमी करण्याचा निर्णय तूर्त स्थगित’. माझ्या पडद्यावर काय सुंदर दिसत होता. फोनवर गेला ‘ठेवींवरील व्याजदर कमी करण्याचा…’. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखा उघडायच्या आधी पायरीवर माणसं उभी, हातात ठेवींच्या पावत्या. मॅनेजरने मला फोन लावून शांतपणे एवढंच विचारलं की, हा मेल तुम्ही फोनवर बघितला होता का. नव्हता बघितला. त्यानंतर आजतागायत मी एकही विषय स्वतःच्या फोनवर मागवून पाहिल्याशिवाय पुढे पाठवत नाही.

तिथे खरा शब्द ‘स्थगित’ होता. तो पहिला असता तर ‘स्थगित: ठेवींची व्याजकपात’ एवढंच पुरलं असतं, आणि पुढचं सगळं कापलं गेलं असतं तरी कुणाची झोप उडाली नसती. विषय लिहिताना मी तेव्हापासून एकच काम आधी करतो: वाक्याच्या शेवटी बसलेला निकाल उचलतो आणि पुढे आणतो. निकाल म्हणजे बंद, रद्द, स्थगित, पुढे ढकलली, मुदत वाढली, मंजूर, नामंजूर, भरा, आणा, येऊ नका. असे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत आणि सगळे छोटे आहेत. नकार असेल तर तो ‘नाही’ने शेवटी दाखवण्याऐवजी नकाराचा अर्थ पोटात असलेला शब्दच घ्यायचा. ‘सुरू राहणार नाही’ऐवजी ‘बंद’. ‘होणार नाही’ऐवजी ‘रद्द’. ‘मिळालेले नाही’ऐवजी ‘बाकी’ किंवा ‘थकीत’. अशा शब्दाचे दोन तुकडे होत नाहीत, त्यामुळे त्याचा अर्थ उलटायची सोयच राहत नाही.

असं लिहिलं की मराठी कृत्रिम होते, अशी तक्रार मला ऐकू येते, विशेषतः निवृत्त शिक्षकांकडून. पण तुमच्या गेटवरचा फळा आठवा. वॉचमनकडून खडूने लिहून घेताना तुम्ही ‘टाकी सफाईमुळे गुरुवारी पाणीपुरवठा सुरू राहणार नाही’ असं सांगता का? फळ्यावर असतं ‘पाणी बंद. गुरुवारी ९ ते ५.’ तीही मराठीच, आणि लहानपणापासून आपण ती वाचत आलो आहोत. फळा आणि फोन दोन्हीकडे माणूस चालता चालता बघतो.

आपण मेल लिहिताना फळा विसरतो आणि कागदी पत्र आठवतो, ही खरी गोम आहे. शासकीय पत्राचा साचा हातात भिनलेला असतो: विषय, संदर्भ, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. त्या विषयाच्या ओळीचा शेवट ‘…बाबत’ने होतो. ‘इमारतीवरील पाण्याच्या टाकीची साफसफाई करण्यात येणार असल्याने पाणीपुरवठा बंद ठेवण्याबाबत.’ कागदावर यात काहीच बिघडत नाही. पत्र हातात असतं, ओळ पानभर रुंद असते आणि ती ओळ मुळात आवक-जावक नोंदवहीत चढवायच्या सोयीची असते. त्यातून प्रकरण कुठल्या फायलीचं ते कळतं. काय ठरलं ते खाली मजकुरात असतं. मेलच्या यादीत मात्र वाचणाऱ्याला फाईल लावायची नसते, बादल्या भरायच्या की नाही एवढंच ठरवायचं असतं. म्हणून ‘बाबत’, ‘संदर्भात’, ‘विषयी’ हे शब्द मेलच्या विषयातून मी सरळ काढून टाकतो. ते काढून टाकले की वाक्य उघडं पडतं आणि निकाल सांगावाच लागतो.

आता तुमचाच विषय टप्प्याटप्प्याने दुरुस्त करू. मूळ वाक्यात चार गोष्टी आहेत: टाकी सफाई, गुरुवार, पाणीपुरवठा, सुरू राहणार नाही. यातली सभासदाच्या हाताला काम लावणारी गोष्ट एकच, पाणी नसणार. ती पुढे घेऊ आणि ‘पाणीपुरवठा’ला साधं ‘पाणी’ म्हणू: ‘पाणी बंद’. दोन शब्द, चार अक्षरं. इथेच विषय कापला गेला तरी माणूस मेल उघडेल. त्यानंतर त्याचा पहिला प्रश्न असतो कधी: ‘पाणी बंद गुरुवारी’. मग किती वेळ: ‘पाणी बंद गुरुवारी ९ ते ५’. कारण सगळ्यात शेवटी, कारण ते कळलं नाही म्हणून कुणाचं अडत नाही: ‘पाणी बंद गुरुवारी ९ ते ५, टाकी सफाई’. हा विषय कुठेही कापा, उरलेला तुकडा खराच राहतो. शेवटची अट मला जास्त महत्त्वाची वाटते. तपासायची युक्ती सोपी आहे: विषय लिहून झाला की उजवीकडून एकेक शब्द बोटाने झाकत या आणि उरलेलं मोठ्याने वाचा. ‘टाकी सफाई’ झाकलं, खरं. ‘९ ते ५’ झाकलं, खरं. ‘गुरुवारी’ झाकलं, तरी खरं. तुमचं मूळ वाक्य असंच वाचून पाहा, पहिल्याच झाकणीला ते उलटतं.

यात मी ‘उद्या’ लिहिलं नाही, हे मुद्दाम. बुधवारी रात्री पाठवलेला ‘उद्या पाणी बंद’ बरेच जण गुरुवारी सकाळी चहा घेताना वाचतात आणि शुक्रवारची तयारी करतात. विषय कधी वाचला जाईल ते आपल्या हातात नसतं, म्हणून वार लिहायचा. आठवड्यापेक्षा लांबची गोष्ट असेल तर वारासोबत तारीख, पण ‘दि. १२/०६/२०२५ रोजी’ असा ऐवज नको. ‘गुरु. १२ जून’ पुरतं. वर्ष सगळ्यांना माहीत आहे.

विषयाच्या आधी काय चिकटतं तेही एकदा पाहून घ्या. तुम्ही गूगल ग्रुपवरून पाठवत असाल तर ग्रुपच्या सेटिंगमध्ये `Subject prefix` नावाची एक जागा असते. तिथे सोसायटीचं नाव भरलेलं असेल तर प्रत्येक विषयाच्या आधी चौकटी कंसात ते उमटतं आणि फोनवरची अर्धी ओळ तिथेच संपते. ती जागा रिकामी करा. सोसायटी कोणती हे सांगायचं काम पाठवणाऱ्याच्या नावाचं. जीमेलमध्ये कॉम्प्युटरवरून सेटिंगमध्ये गेलात की `Send mail as` या ओळीपाशी ते नाव बदलता येतं. तिथे नोंदणीकृत नावाऐवजी लोक बोलताना जे म्हणतात ते छोटं नाव ठेवा. ‘सूचना’, ‘महत्त्वाचे’, ‘अत्यंत तातडीचे’ हेही त्याच जातीचे. सोसायटीकडून आलेला मेल सूचना असणार हे उघड आहे, आणि दर मेलवर ‘महत्त्वाचे’ लिहिलं की तिसऱ्या मेलपासून कुणी त्याकडे बघत नाही. गॅस गळती किंवा लिफ्टमध्ये कुणी अडकलं असेल तर तुम्ही मेल पाठवणारच नाही, फोन कराल. तेव्हा ‘तातडीचे’ला मेलमध्ये तशी जागाच नाही.

विषयाखालची ओळ मात्र कामाची आहे. यादीत विषयाखाली मजकुराची सुरुवात दिसते. आयफोनच्या मेल ॲपमध्ये ती किती ओळी दिसावी हे प्रत्येकाला ठरवता येतं, एकही नाही इथपासून पाच ओळींपर्यंत. म्हणून तिच्यावर भिस्त ठेवायची नाही, पण ती वायाही घालवायची नाही. तुमच्या मजकुराची सुरुवात ‘सर्व सन्माननीय सभासदांना सविनय कळविण्यात येते की’ अशी असेल तर ती जागा संपली. त्याऐवजी पहिलंच वाक्य लिहा: ‘बुधवारी रात्री दहापर्यंत पाणी भरून ठेवा, गुरुवारी सर्व विंगचे नळ सकाळी ९ ते संध्याकाळी ५ बंद.’ नमस्कार-चमत्कार त्याखाली खुशाल करा. फक्त ‘सोबत पत्र जोडले आहे’ एवढं लिहून पीडीएफ पाठवू नका, कारण मग यादीत तेच दिसतं आणि कुणी पीडीएफ उघडायच्या फंदात पडत नाही.

आणखी एक जागा जिथे चांगले सचिव फसतात. टाकी धुणारा आला नाही आणि गुरुवारचं शनिवारवर गेलं. घाईत आपण कालचाच मेल उघडून ‘रिप्लाय ऑल’ करतो आणि मजकुरात लिहितो की बदल झाला आहे. जीमेल ते उत्तर त्याच जुन्या संवादात घालतं आणि यादीत वर विषय दिसतो जुनाच, ‘पाणी बंद गुरुवारी’. म्हणजे तुमची दुरुस्तीच चुकीची बातमी परत एकदा वर आणून ठेवते. बदल कळवायचा तर नवा मेल, नवा विषय: ‘बदल: पाणी शनिवारी बंद, गुरुवारी सुरू’. इथे शेपूट कापलं गेलं तरी ‘बदल: पाणी शनिवारी बंद’ हे खरंच उरतं. उलटा क्रम, ‘बदल: पाणी गुरुवारी सुरू, शनिवारी बंद’, हाही बरोबर आहे, पण कापला तर लोकांना शनिवार कळत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढेमागे लागेल म्हणून सांगतो. कधी कधी मेल उघडल्यावरही विषय अर्धाच असतो, किंवा शेवटचं अक्षर तुटलेलं दिसतं: नुसता हलन्त लोंबतोय, किंवा काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह. तो फोनचा दोष नाही. फोन दाखवताना कापतो तेव्हा तो अक्षराच्या मधोमध सहसा चिरत नाही, आणि उघडल्यावर सगळं परत दिसतं. उघडूनही तुटलेलं असेल तर ते पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरने कापलंय, आणि मेन्टेनन्सची बिलं काढणाऱ्या काही पॅकेजमध्ये हे मी पाहिलंय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. विषय मेलमधून जाताना असा वेष पालटून जातो, हे आपलं ‘पाणी बंद’ आहे:

```
Subject: =?UTF-8?B?4KSq4KS+4KSj4KWAIOCkrOCkguCkpg==?=
```

असा एकेक तुकडा जास्तीत जास्त ७५ चिन्हांचा ठेवायचा असा नियम आहे. हिशेब केला तर एका तुकड्यात देवनागरीची पंधराच चिन्हं बसतात, म्हणून लांब विषयाचे तीन-चार तुकडे होतात. तुकडा अक्षर पूर्ण झाल्यावरच तोडायचा, असाही नियम आहे. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं सॉफ्टवेअर तो पाळत नाही आणि तीन बाइटच्या मधेच तोडतं. तुमच्याकडे असं दिसलं तर पॅकेजवाल्याला नेमकं एवढंच सांगा: मेल उघडल्यावरही विषय तुटलेला आहे, शब्दाच्या मधे प्रश्नचिन्ह येतं. तोवर विषय छोटा ठेवा. तुकडाच एक असला की तोडायला काही उरत नाही.

आता तुमचे दोन येणारे मेल. पार्किंगबद्दल समितीने काय ठरवलंय ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो. वाढ मागे घेतली असेल तर ‘पार्किंग शुल्क वाढविण्याचा प्रस्ताव रद्द करण्याबाबत’ असं चुकूनही लिहू नका. फोनवर ते ‘पार्किंग शुल्क वाढविण्याचा प्रस्ताव…’ होईल आणि रात्री तुमच्या दाराची बेल वाजेल. ‘रद्द: पार्किंग शुल्कवाढ’ लिहा. वाढ झाली असेल तर ती लपवायच्या मोहात पडू नका. ‘पार्किंग शुल्काबाबत समितीचा निर्णय’ हा विषय वाचून लोक उघडत नाहीत आणि बिल आल्यावर भांडतात. नवा आकडाच पुढे घ्या. समजा ५०० ठरले असतील तर ‘पार्किंग ५०० रु. महिना, १ जुलैपासून’. आकडा विषयात असला की मेल उघडला जातोच.

वार्षिक सभेचा मेल जरा वेगळा, कारण त्याला कायद्याची बाजू आहे. सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि उपविधींप्रमाणे सभासदांना १४ पूर्ण दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्यामुळे ‘सन २०२४-२५ या आर्थिक वर्षाची वार्षिक सर्वसाधारण सभा आयोजित करण्याबाबत’ ही ओळ काढून टाका असं मी म्हणणार नाही. ती नोटिशीच्या पीडीएफमध्ये लेटरहेडखाली जशी आहे तशी राहू द्या, कुणी हरकत घेतली तर दाखवायला तीच लागेल. मेलच्या विषयात मात्र ‘वार्षिक सभा रवि. २८ सप्टें. सकाळी १०’. इथे ‘सर्वसाधारण’ गाळलंय, ते पीडीएफमध्ये आहेच. ‘वार्षिक सभा’ म्हटल्यावर कुणाचा गोंधळ होत नाही. सभेच्या आदल्या दिवशीच्या आठवणीच्या मेलला हाच विषय परत वापरू नका. तेव्हा माणसाला तारीख माहीत असते, जागा माहीत नसते: ‘उ’ने सुरू होणारा तो शब्द टाळून ‘रविवारी १० वाजता क्लबहाऊसमध्ये सभा’.

दोन्ही मेल पाठवायच्या आधी स्वतःला पाठवा. फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं सगळ्यात मोठी करा, मेल न उघडता यादीत पाहा, मग फोन लॉक करून नोटिफिकेशनमध्येही पाहा. जमलं तर तुमच्या इमारतीतल्या एखाद्या आजोबांच्या फोनवर बघा. विषय वाचून त्यांनी ‘म्हणजे काय?’ असं विचारलं, तर अजून एक शब्द पुढे आणायचा राहिलाय.